अशिलाला निकालाचं पत्र लिहितोय: अपिलाची तारीख बरोबर आहे का?

पूर्वभाग_वकील | 6 एप्रिल 2025, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. वकिली सुरू करून मला हे चौथं वर्ष, सोलापुरातच. एका पक्षकार बाईंना ग्राहक आयोगाचा आदेश समजावणारं पत्र द्यायचं आहे. मसुदा खाली टाकतो, जरा डोळ्याखालून घाला.

प्रकरण थोडक्यात असं. बाई पूर्व भागात विड्या वळतात. 2021 च्या डिसेंबरात त्यांच्या नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाली, बिल 2,36,400 रुपये. विमा कंपनीनं "रक्तदाबाचा जुना त्रास लपवला" म्हणून दावा नाकारला. आम्ही 4 जुलै 2022 ला जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली, विमा कंपनी जाबदेणार क्र. 1 आणि दाव्याचे कागद तपासणारी दुसरी कंपनी क्र. 2. लपवल्याचा एकही कागद कंपनीला दाखवता आला नाही. 17 मार्चला आदेश झाला आणि आमची प्रत 2 एप्रिलला हातात पडली.

बाई ऑफिसात आल्या. तेरा पानी आदेशातलं त्यांनी फक्त शेवटचं पान उघडलं. "तक्रार अंशतः मंजूर" या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हंजे अर्धं हरलो का?" घरात त्या तेलुगू बोलतात, मराठी वाचायला अडखळतात. मुलगी बारावीला आहे, ती पत्र मोठ्यानं वाचून दाखवणार. म्हणून हे पत्र मला नीट लिहायचं आहे.

मसुदा:

"आपली तक्रार मा. आयोगाने दि. 17/03/2025 रोजी अंशतः मंजूर केली असून जाबदेणार क्र. 1 यांनी रु. 2,10,000 द.सा.द.शे. 7 टक्के व्याजासह, मानसिक त्रासापोटी रु. 15,000 व तक्रार खर्चापोटी रु. 8,000 अदा करावेत असा आदेश पारित केला आहे. जाबदेणार क्र. 2 विरुद्धची तक्रार खारीज करण्यात आली आहे. आदेशाची पूर्तता प्रत प्राप्तीपासून 45 दिवसांत करावयाची असून, सदर आदेशाविरुद्ध अपिलाची मुदतही 45 दिवस, म्हणजे दि. 17/05/2025 पर्यंत आहे. उर्वरित मागण्या नामंजूर."

काय वाटतं?

मेघना_सो | 6 एप्रिल, रात्री 10.15

मी वकील नाही, शाळेत शिकवते. "पारित", "अदा", "पूर्तता", "सदर" हे शब्द बारावीची मुलगी वाचेल खरं, पण आईला तेलुगूत काय सांगणार? आणि बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पत्रात नाहीच. त्यांनी विचारलं, अर्धं हरलो का. पहिल्या ओळीत तेच सांगा. केस जिंकली आहे, फक्त मागितलेलं सगळं मिळालेलं नाही.

जुना_कारकून | 6 एप्रिल, रात्री 10.50

अपिलाला 45 दिवस कुठून आले? मुदत 30 दिवसांची. मी एका वकिलांकडे बावीस वर्षं कारकुनी केली, शेकडो अपिलं बांधून दिली. विरोधी पक्षाला अपील करायचं तर 25 हजार भरले की झालं. पत्रात 30 दिवस लिहा, नाहीतर बाईंचं नुकसान होईल.

सातरस्ता | 7 एप्रिल, सकाळी 7.30

कारकूनकाका, तुम्ही सांगताय तो 1986 चा कायदा. त्यात 30 दिवसच होते, आणि निम्मी रक्कम किंवा 25 हजार यातलं जे कमी ते भरायचं होतं, हेही बरोबर. पण 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि ही तक्रार 2022 ची आहे. त्यामुळे कलम 41 लागतं. राज्य आयोगाकडे अपील 45 दिवसांत. पैसे द्यायचा आदेश ज्याच्यावर आहे त्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि 25 हजारांची जुनी मर्यादा आता नाही. 30 दिवस नव्या कायद्यातही सापडतात, पण ते कलम 40 च्या पुनर्विलोकनाचे. आदेशात ढळढळीत चूक असेल, बेरीज चुकली असेल, नाव चुकलं असेल, तर त्याच आयोगाकडे 30 दिवसांत अर्ज करता येतो.

वकीलसाहेब, आता तुमच्या मसुद्याबद्दल. तुम्ही दोन वेगळे 45 एकाच वाक्यात बांधलेत आणि तिथंच घोटाळा झालाय.

पहिला 45 आदेशातला आहे. आयोगानं कंपनीला पैसे द्यायला दिलेला वेळ. तो कंपनीला प्रत मिळाल्यापासून मोजायचा, तुम्हाला मिळाल्यापासून नाही. दुसरा 45 कायद्यातला आहे, अपिलाचा. कलम 41 चे शब्द "आदेशाच्या तारखेपासून" असे आहेत. तुम्ही 2 एप्रिलपासून मोजून 17 मे काढलीत आणि तीच तारीख दोन्हीला लावलीत. आदेशापासून मोजा: 17 मार्च सोडायचा, 18 ते 31 मार्च 14 दिवस, एप्रिलचे 30, झाले 44. पंचेचाळिसावा दिवस 1 मे.

पूर्वभाग_वकील | 7 एप्रिल, सकाळी 8.05

घाम फुटला वाचून. कंपनीच्या वकिलांना विचारतो त्यांची प्रत कधी मिळाली ते. पण साहेब, प्रत हातात आल्याशिवाय माणूस अपील करणार कसं? प्रत मिळाल्यापासून मोजायचं असंच मी ऐकत आलोय.

सातरस्ता | 7 एप्रिल, सकाळी 8.40

तो युक्तिवाद चुकीचा नाही. आदेश पक्षकाराला कळल्यावरच मुदत सुरू व्हावी असं म्हणता येतं, आणि नकलेला लागलेले दिवस वजा करून मागता येतात. त्यासाठी प्रतीच्या पाठीमागचे शिक्के बघा: प्रत तयार कधी झाली, दिली कधी. टपालानं आली असेल तर पाकीट जपून ठेवा, त्यावरचा टपालाचा शिक्का हाच तुमचा पुरावा. पण हा सगळा युक्तिवाद उशीर झाल्यावर करायचा असतो. पक्षकाराच्या पत्रात युक्तिवादाची तारीख घालू नये, ज्या तारखेवर कुणी बोट ठेवू शकणार नाही ती घालावी. ती 1 मे.

हुरडा_पार्टी | 7 एप्रिल, दुपारी 1.20

1 मे म्हंजे महाराष्ट्र दिन की ओ. सुट्टी हाय त्या दिवशी.

सातरस्ता | 7 एप्रिल, दुपारी 1.45

बरोबर पकडलंत. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामाच्या दिवशी दाखल केलेलं चालतं, म्हणजे 2 मे, शुक्रवार. पण पत्रात 2 मे लिहू नका. त्या बाईंना 1 मे सुद्धा सांगू नका, असं मी तर म्हणेन. त्यांनी तुमच्याकडे निर्णय घेऊन यायची तारीख सांगा. अपील लिहायला, आदेशाच्या प्रती लावायला, शपथपत्र करायला आठवडा जातो. 21 एप्रिलपर्यंत या, असं लिहा.

मेघना_सो | 7 एप्रिल, दुपारी 2.10

मला हे पटत नाही. खरी तारीख त्यांना कळलीच पाहिजे. अपिलाचा हक्क त्यांचा आहे. उद्या त्यांना दुसऱ्या वकिलाकडे जायचं असेल तर? दोन्ही तारखा लिहा, कोणती कशासाठी ते सांगा.

सातरस्ता | 7 एप्रिल, दुपारी 2.30

मान्य. दोन्ही लिहा.

नवीपेठ_77 | 7 एप्रिल, दुपारी 4.00

माझ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वॉरंटीत गेला आहे, दुकानदार दाद देत नाही. असं पत्र मी दुकानदाराला पाठवलं तर चालेल का? 45 दिवसांची मुदत देऊ का?

हुरडा_पार्टी | 7 एप्रिल, दुपारी 4.10

दादा, ह्ये निकाल लागल्यानंतरचं पत्र हाय, वकिलानं आपल्याच माणसाला लिहायचं. तुमचं निराळं, त्याचा धागा काढा.

होटगी_रोड | 7 एप्रिल, रात्री 9.15

माझा अनुभव लिहितो, उपयोग झाला तर बघा. प्लॉटच्या व्यवहारात आमच्या बाजूनं निकाल लागला. वकिलांनी फोनवर "अभिनंदन, जिंकलो" एवढंच सांगितलं. आम्ही पेढे वाटले आणि पैशाची वाट बघत बसलो. मधल्या काळात आम्ही भाड्याचं घर बदललं. समोरच्यानं राज्य आयोगात अपील केलं होतं, त्याची नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत आली. कळलं तेव्हा आमच्या माघारी दोन तारखा होऊन गेल्या होत्या. वडील त्या धक्क्यातून लवकर सावरले नाहीत. निकालानंतर समोरचाही अपील करू शकतो आणि पत्ता बदलला तर कळवायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या पत्रात हे नक्की घाला.

जुना_कारकून | 7 एप्रिल, रात्री 10.00

45 चं मान्य, काळाबरोबर बदलायला हवं. पण एक विचारतो. बाईंनी वाढीव रकमेसाठी अपील केलं तर त्यांनाही निम्मे भरावे लागतील ना? गरीब माणूस कुठून भरणार?

सातरस्ता | 7 एप्रिल, रात्री 10.20

नाही काका. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यालाच भरावे लागतात. बाईंना मिळायचे आहेत.

आणि निम्मे म्हणजे कशाचे निम्मे, हेही बघा. नुसत्या 2,10,000 चे नाही, आदेशानुसार देय होणाऱ्या सगळ्या रकमेचे. अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये सांगितलं आहे की निम्मी रक्कम भरणं सक्तीचं आहे आणि त्यात व्याज, भरपाई सगळं धरायचं. वकीलसाहेब, व्याज कुठल्या तारखेपासून आहे ते मसुद्यात नाही. त्याशिवाय बाईंना आकडा कळणार कसा?

पूर्वभाग_वकील | 8 एप्रिल, सकाळी 7.50

आदेशात "तक्रार दाखल दिनांकापासून प्रत्यक्ष अदायगीपर्यंत" असं आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर पुढं 9 टक्के. रात्री बसून हिशेब केला.

2,10,000 वर 7 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 14,700, महिन्याचं 1,225, दिवसाचं साधारण 40 रुपये 27 पैसे. 4 जुलै 2022 ते 4 जुलै 2024 दोन वर्षांचे 29,400. तिथून 4 मार्च 2025 पर्यंत आठ महिन्यांचे 9,800. पुढचे 13 दिवस, 524. आदेशाच्या दिवसापर्यंत व्याज 39,724. त्यात मुद्दल, 15,000 आणि 8,000 मिळवले की 2,72,724 रुपये. म्हणजे कंपनीला अपील करायचं तर अंदाजे 1,36,362 आधी भरावे लागतील.

मागितलं होतं पूर्ण बिल, त्रासापोटी एक लाख आणि खर्च 25 हजार. बिलातून 26,400 का कापले ते आदेशाच्या अकराव्या पानावर आहे: हातमोजे, नोंदणी फी, सोबतच्या माणसाचं जेवण, असल्या बाबी पॉलिसीत बसत नाहीत.

कंपनीच्या वकिलांना त्यांची प्रत 4 एप्रिलला मिळाली. म्हणजे पैसे देण्याची मुदत 19 मे.

आता खरा पेच. बाईंना अपील कर म्हणून सांगू का नको?

सातरस्ता | 8 एप्रिल, सकाळी 9.10

मी असतो तर नको सांगितलं असतं. 26,400 पॉलिसीच्या अटींमुळे गेलेत, ते परत मिळणं अवघड. त्रासाच्या भरपाईचा आकडा आयोगाच्या विवेकावर असतो, वरचं आयोग त्यात सहज हात घालत नाही.

मेघना_सो | 8 एप्रिल, सकाळी 10.30

नवरा हृदयाच्या दुखण्यानं खाटेवर, कर्ज काढून बिल भरलेलं, वर "तुम्ही खोटं बोललात" असा कंपनीचा शिक्का. तीन वर्षांहून जास्त काळ हे सोसल्याचे पंधरा हजार. मला हा आकडा फार तोकडा वाटतो. विडी वळणाऱ्या बाईचा त्रास स्वस्त असतो का?

सातरस्ता | 8 एप्रिल, सकाळी 11.00

तोकडा आहे हे मलाही वाटतं. पण अपिलात वर्षं जातात, आणि आज त्यांना हातात पैसे लागणार आहेत. एक गोष्ट मात्र पत्रात स्पष्ट लिहा. कंपनीनं अपील केलं आणि बाईंनी केलं नाही, तर कंपनीच्या अपिलात बाईंची रक्कम वाढवून मिळेल अशी आशा धरू नये. वाढवून हवं असेल तर स्वतःचं अपील, तेही मुदतीत. मुदत गेल्यावर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण उशीर का झाला ते पटवावं लागतं. "वकिलांनी तारीख चुकीची सांगितली" हे कारण आपल्यावर यायला नको.

पूर्वभाग_वकील | 9 एप्रिल, रात्री 11.30

सगळ्यांचं ऐकून पत्र नव्यानं लिहिलं. उद्या देतोय.

"ताई, नमस्कार.

तुमची केस तुम्ही जिंकलात. तुम्ही आजार लपवला नव्हता, विमा कंपनीनं दावा नाकारला ती कंपनीची चूक होती, असं आयोगानं लिहून दिलं आहे. 'अंशतः मंजूर' याचा अर्थ एवढाच की आपण मागितलं त्यातलं काही मिळालं, काही मिळालं नाही.

मिळालं ते असं. दवाखान्याच्या बिलापैकी 2,10,000 रुपये. त्यावर 4 जुलै 2022 पासून पैसे हातात येईपर्यंत वर्षाला शेकडा 7 रुपये व्याज. तुम्हाला झालेल्या त्रासाचे 15,000 आणि केसच्या खर्चाचे 8,000. निकालाच्या दिवशी हे सगळं मिळून 2,72,724 रुपये होत होते, आणि पैसे येईपर्यंत रोज साधारण 40 रुपयांची भर पडते आहे.

मिळालं नाही ते असं. बिलातले 26,400 रुपये, कारण त्या वस्तू पॉलिसीत बसत नाहीत. त्रासापोटी आपण एक लाख मागितले होते, पंधरा हजार मिळाले. खर्चाचे 25 हजार मागितले होते, आठ मिळाले. दाव्याचे कागद तपासणारी जी दुसरी कंपनी होती तिच्यावर काही आदेश नाही. त्यानं तुमचे पैसे कमी होत नाहीत, सगळी रक्कम विमा कंपनीनंच द्यायची आहे.

कंपनीनं पैसे 19 मेपर्यंत द्यायचे आहेत. तोवर दिले नाहीत तर पुढं व्याज शेकडा 9 लागेल आणि आपण त्याच आयोगात वसुलीची दरखास्त टाकू. आदेश मोडणाऱ्याला कायद्यात कैदेची आणि दंडाची शिक्षाही आहे.

जे मिळालं नाही त्यासाठी तुम्हाला राज्य आयोगाकडे अपील करता येतं. त्याची शेवटची तारीख 1 मे धरा. ही तारीख 19 मे पेक्षा वेगळी आहे, पैसे आले की नाही याची वाट बघत थांबू नका. अपील करायचं ठरलं तर 21 एप्रिलपर्यंत माझ्याकडे या, कागद तयार करायला आठवडा लागतो. त्यासाठी तुम्हाला निम्मी रक्कम भरावी लागत नाही. माझं मत अपील न करण्याकडे आहे: त्यात वेळ बराच जाईल आणि वाढ होईलच असं नाही. पण निर्णय तुमचा.

कंपनीही अपील करू शकते. तिला आधी निम्मी रक्कम, अंदाजे 1,36,000 रुपये, भरावी लागेल. कंपनीनं अपील केलं म्हणजे पैसे आपोआप थांबले असं होत नाही, त्याला वरच्या आयोगाची स्थगिती लागते. आयोगाचा कुठलाही कागद घरी आला तर त्याच दिवशी मला दाखवा. घर किंवा फोन नंबर बदलला तर लगेच कळवा.

आणि कंपनीचा माणूस सही मागायला आला तर मला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका."

मेघना_सो | 10 एप्रिल, सकाळी 6.50

आता मुलगी हे आईला सांगू शकेल.

जुना_कारकून | 10 एप्रिल, सकाळी 9.00

पत्राची दुसरी प्रत काढा आणि तिच्यावर बाईंची तारखेसह पोच घ्या. सही येत नसेल तर अंगठा, आणि वाचून दाखवलं म्हणून मुलीची सही. आमच्या साहेबांनी हे कधी चुकवलं नाही.

सातरस्ता | 10 एप्रिल, सकाळी 9.20

काकांचं हे अगदी ऐका.

पूर्वभाग_वकील | 23 एप्रिल, रात्री 8.30

पुढचं कळवतो. मुलीनं पत्र वाचून दाखवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात 21 एप्रिल, 1 मे आणि 19 मे या तिन्ही तारखांना पेननं गोल केले. 21 ला दोघी आल्या. बाई म्हणाल्या, "पुन्ना वर जायचं नाय साहेब. खोटं बोललो नाय असं लिवून आलंय, बास." अपील करायचं नाही असं त्यांच्याकडून लिहून घेतलं.

आज दुपारी कंपनीकडून एक जण व्हाउचर घेऊन त्यांच्या घरी गेला. रक्कम 2,10,000, खाली बारीक अक्षरात "पूर्ण व अंतिम, यापुढे कोणताही दावा राहणार नाही". व्याज नाही, पंधरा हजार नाहीत, आठ हजार नाहीत. बाईंनी सही केली नाही. मुलीनं कागदाचा फोटो काढून मला पाठवला.

सातरस्ता | 23 एप्रिल, रात्री 8.50

शाबास त्या पोरीला. कंपनीच्या वकिलांना उद्याच लेखी कळवा: आजच्या तारखेपर्यंतच्या व्याजासह पूर्ण रक्कम खात्यात जमा करा किंवा आयोगात भरा. कमी आली तर "आदेशापोटी अंशतः मिळाले, उरलेल्या रकमेचा हक्क राखून" असं लिहूनच पोच द्या.

होटगी_रोड | 23 एप्रिल, रात्री 9.30

एक शंका. कंपनीला प्रत 4 एप्रिलला मिळाली. ती अपिलाची मुदत तिथून मोजणार की 17 मार्चपासून? म्हणजे बाईंनी 2 मेनंतर निर्धास्त व्हायचं का?

सातरस्ता | 23 एप्रिल, रात्री 9.45

निर्धास्त नाही. जो युक्तिवाद आपण आपल्यासाठी राखून ठेवला होता तोच कंपनीही करेल, आणि विलंब माफीचा दरवाजा तिलाही उघडा आहे. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या पोर्टलवर दर आठवड्याला बाईंचं नाव टाकून बघत राहायचं. वकीलसाहेब, 19 मेनंतरही.

पूर्वभाग_वकील | 23 एप्रिल, रात्री 10.05

दर सोमवारी बघतो. दरखास्तीचा मसुदा आत्ताच करून ठेवतोय, तारीख तेवढी कोरी.